किकऑफनंतर क्लायंटला मिनिट्सचा मेल: "अमुक तारखेपर्यंत दुरुस्त्या कळवा" हे नेमकं कसं लिहायचं?

ओसरी
मंडळी, जरा मदत हवीये. मंगळवारी, 10 तारखेला नवीन प्रोजेक्टची किकऑफ मीटिंग झाली, क्लायंटच्या गोदामांसाठी स्टॉकचं सॉफ्टवेअर करायचंय. मिनिट्स मी घेतलेत आणि उद्या सकाळी मला ते क्लायंटला पाठवायचेत. मी लिहिलेला मेल असा होता (खरा इंग्रजीत आहे, इथे मराठीत टाकतेय):

"सर, कालच्या मीटिंगचे मिनिट्स सोबत जोडले आहेत. कृपया बघून घ्या आणि काही बदल असल्यास लवकरात लवकर कळवा."

बॉस म्हणाला हे फार मऊ आहे, शेवटी टाक की "सोमवार 16 तारखेपर्यंत उत्तर न आल्यास मिनिट्स मंजूर समजले जातील". मला ते धमकीसारखं वाटतंय, पहिलाच मेल आहे हो, अजून त्या लोकांशी धड ओळखपण नाही. तुम्ही लोक काय लिहिता? आणि तारीख कशी ठरवता, का आपलं अंदाजे चार दिवस?

रातकिडा
बॉस बरोबर आहे. "उत्तर नाही म्हणजे मान्य" ही ओळ टाकायचीच, आम्ही प्रत्येक मेलमध्ये टाकतो. ती टाकली की कायद्याने मिनिट्स क्लायंटवर बंधनकारक होतात, उद्या तो फिरला तर मेल दाखवायचा, विषय संपला. ओळखबिळख नंतर होत राहते.

गुळवेल
एवढं टायपिंग कशाला करत बसता, मीटिंगचं रेकॉर्डिंग असेलच ना, त्याची लिंक पाठवून द्या. आमच्या टीममध्ये मिनिट्सच बंद केलेत, ज्याला शंका असेल तो रेकॉर्डिंग ऐकेल.

ओसरी
गुळवेल, तुमच्या टीममध्ये चालत असेल पण हे क्लायंटसाठी आहे, दीड तासाचं रेकॉर्डिंग त्यांचा ऑपरेशन्स हेड कधी ऐकणार? आणि रेकॉर्डिंगमध्ये कोण काय बोललं ते कळेल, शेवटी काय ठरलं ते नाही कळणार. आमच्याकडे तर एकाच मुद्द्यावर तिघं तीन गोष्टी बोललेत.

टाकसाळ
ओसरी, तुमचं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, त्यावर येतो. आधी रातकिडा यांच्या मुद्द्याबद्दल, कारण ही समजूत सगळीकडे आहे.

एकाने परस्पर लिहायचं की "तू गप्प बसलास तर तुला मान्य आहे असं धरीन", आणि समोरचा गप्प बसला म्हणून करार झाला, असं सहसा होत नाही. याचा इंग्लंडमधला 1862 चा प्रसिद्ध खटला आहे, फेल्टहाउस विरुद्ध बिंडली. काकाने पुतण्याला घोड्याबद्दल लिहिलं की काही कळवलं नाहीस तर घोडा 30 पौंड 15 शिलिंगला माझा झाला. पुतण्याच्या मनात द्यायचा होता पण त्याने उत्तर दिलं नाही, मग लिलाव करणाऱ्याने चुकून तो घोडा विकला आणि काका कोर्टात गेला. काका हरला, कारण पुतण्याने होकार काकाला कधी कळवलाच नव्हता. कायदा देशागणिक बदलतो आणि अपवादही आहेत, मुख्य म्हणजे तुमच्या करारातच जर लिहिलं असेल की मिनिट्सवर इतक्या दिवसांत हरकत नाही आली तर ते मान्य धरले जातील, तर मग त्या ओळीला खरंच वजन येतं. म्हणून आधी करार उघडून बघा असं कलम आहे का. असेल तर दिवस तिथलेच घ्यायचे, आपले नाहीत.

कलम नसेल तरी मेल वाया जात नाही. मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेली, सगळ्यांना पाठवलेली आणि कुणी खोडून न काढलेली नोंद हा पुरावा म्हणून बराच चांगला असतो. फक्त तो "आपल्यात काय बोलणं झालं" याचा पुरावा आहे. त्याने करार बदलत नाही. बहुतेक करारांत शेवटी कुठेतरी असतंच की बदल दोन्ही बाजूंच्या सहीनेच होईल.

त्यामुळे मी "मंजूर समजले जातील" लिहीत नाही, असं लिहितो: "16 तारखेपर्यंत आलेल्या दुरुस्त्या घालून अंतिम प्रत पाठवू. दुरुस्ती नसल्यास हीच प्रत नोंद म्हणून ठेवून पुढचं काम सुरू करू." यात धमकी नाही, आणि आपण काय करणार ते स्पष्ट आहे.

आता सांगा, ते तिघं तीन गोष्टी बोलले तो मुद्दा कुठला?

रातकिडा
घोड्याचं माहीत नव्हतं, भारी आहे. पण टाकसाळ, प्रत्यक्षात कोर्टात कोण जातं हो? आमच्याकडे ती ओळ दाखवली की क्लायंट गप्प होतो, एवढंच पुरतं.

टाकसाळ
गप्प होतो हे खरं, पण त्याचा वकील वाचेल तेव्हा नाही होणार. असो, तुमचं चालतंय तर चालू द्या.

ओसरी
थँक्यू टाकसाळ. करार पाहिला, मिनिट्सबद्दल काही नाहीये, बदल सहीने हे मात्र आहे.

मुद्दा जुन्या डेटाचा. ऑपरेशन्स हेड म्हणाले "आमचा जुना सगळा डेटा नव्या सिस्टिममध्ये आला पाहिजे". आमचा टेक लीड म्हणाला "बघू, सॅम्पल फाइल बघून सांगतो". आणि आमचा सेल्सवाला मान हलवत म्हणाला "हो हो, होऊन जाईल". करारात जोडपत्रात लिहिलंय मागच्या 2 आर्थिक वर्षांचा डेटा. मी मिनिट्समध्ये लिहिलंय "जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये आणणे."

दुसरं, सॅम्पल फाइल ते 18 तारखेपर्यंत देणार असं ठरलं, पण कोण देणार हे बोललं गेलं नाही. त्यांची अकाउंट्सची मॅडम मीटिंगला नव्हती आणि फाइल बहुतेक तिच्याकडेच आहे.

बॉस म्हणतोय डेटाच्या ओळीत सरळ "2 वर्षांचा" घालून टाक, त्यांनी 16 पर्यंत हरकत नाही घेतली की झालं.

टाकसाळ
ते करू नका. मीटिंगमध्ये जे कुणी बोललंच नाही ते मिनिट्समध्ये घुसवून, वाचणाऱ्याच्या लक्षात येणार नाही या भरवशावर राहणं, हे पकडलं गेलं की पुढचा तुमचा प्रत्येक मेल ते संशयाने वाचतील. आणि तुम्ही लिहिलेली ओळही तितकीच धोक्याची आहे, उलट्या बाजूने. "जुना डेटा आणणे" हे वाचून त्यांना "सगळा" दिसेल, तुम्हाला "2 वर्षं" दिसतील, दोघंही खूश राहून दुरुस्ती कळवणार नाहीत आणि भांडण टेस्टिंगच्या वेळी होईल, जेव्हा कुणीतरी पाच वर्षांपूर्वीची नोंद शोधायला जाईल. मिनिट्सवर एकही दुरुस्ती आली नाही याचा अर्थ कित्येकदा ते मोघम आहेत एवढाच असतो.

अशा ओळीचे मी तुकडे करतो. कुणी काय मागितलं, करारात काय आहे, काय ठरलं नाही, आणि ते कोण कधी ठरवणार. तुमच्या बाबतीत असं होईल:

"3.1 ऑपरेशन्स हेड यांनी सगळा जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये हवा असं सांगितलं.
3.2 सॅम्पल फाइल पाहून टेक लीड यावर मत देतील. या मुद्द्यावर निर्णय झालेला नाही.
मीटिंगनंतरची टीप: करारातील जोडपत्रात मागील 2 आर्थिक वर्षांचा डेटा नमूद आहे. त्याआधीचा डेटा हवा असल्यास काम आणि वेळ किती वाढेल ते सॅम्पल फाइल मिळाल्यावर स्वतंत्रपणे कळवू."

टीप वेगळी दिसली पाहिजे, तिरप्या अक्षरात किंवा वेगळ्या रकान्यात, म्हणजे हे मीटिंगमध्ये बोललं गेलं नव्हतं हे उघड आहे. सेल्सवाल्याचं "हो हो" लिहू नका, तो निर्णय नव्हता. पण आज त्याच्याशी बोलून घ्या, त्याने मीटिंगबाहेर काही शब्द दिलाय का ते.

तारखेचं म्हणाल तर अंदाजे चार दिवस नको. मिनिट्सवर अवलंबून असलेलं पहिलं काम कधी आहे ते बघायचं. तुमच्याकडे 18 ला फाइल येणार, त्यावर टेक लीड काम सुरू करणार. म्हणजे दुरुस्ती 18 च्या आधी हातात हवी आणि सुधारलेली प्रत पाठवायला एक दिवस तुम्हाला हवा. 16 ठीक आहे, मध्ये शनिवार-रविवार आला तरी बुधवार, गुरुवार, शुक्रवार आणि सोमवार मिळतात. फक्त "सोमवारपर्यंत" नका लिहू. वार, तारीख, वेळ तिन्ही लिहा, आणि क्लायंट दुसऱ्या देशात असेल तर कुणाच्या घड्याळाने तेही.

भटकभवानी
मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणजे मला असे मेल येतात. खरं सांगते, अटॅचमेंट उघडलीच जाते असं नाही. मोबाइलवर मेल दिसतो, "मिनिट्स जोडले आहेत" वाचते, नंतर बघू म्हणते आणि तो खाली सरकतो. त्यामुळे माझ्याकडून ज्या दोनतीन गोष्टींचं उत्तर हवंय त्या मेलमध्येच लिहा, सगळ्यात वर, तारखेसकट. बाकीचं अटॅचमेंटमध्ये.

आणि कृपा करून वर्डची फाइल "यात बदल करून पाठवा" म्हणून पाठवू नका, आमच्याकडची चार माणसं चार फाइलींत चार बदल करतात आणि मग त्या एकत्र कोण करणार. मुद्द्यांना नंबर द्या टाकसाळ यांनी दिलेत तसे, मी "3.1 चुकीचं आहे, मी असं म्हणाले होते" एवढं रिप्लायमध्ये लिहीन, तेही लिफ्टमध्ये उभ्या उभ्या.

अजून एक, सीसीमध्ये माझ्या साहेबांना घातलंत आणि मजकुरात माझं काम राहिलंय असं दिसलं तर मी दुरुस्ती नाही पाठवणार, आधी तुम्हाला फोन करून भांडेन.

ओसरी
हाहा, मग सीसीत कुणाला घालू? हेड तर मीटिंगला होतेच.

भटकभवानी
मीटिंगला होते तर घाला, प्रश्न नाही. जे नव्हते त्यांच्या वरिष्ठांना उगाच नको. पण ती अकाउंट्सची मॅडम नव्हती आणि तिच्यावर काम आलंय ना, तिला "टू" मध्ये घाला आणि नुसतं तिच्या नावापुढे 18 तारीख लिहून सोडू नका, आधी विचारा. न विचारता माझ्या नावावर काम टाकलेले मिनिट्स आले की माझी पहिली दुरुस्ती तीच असते.

खटपट्या
मी सॉफ्टवेअरवाला नाही, इमारतींची कामं बघतो, पण हे दुखणं सारखंच आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे पुढच्या मीटिंगचा पहिला विषयच "मागील मिनिट्स कायम करणे" असतो, त्यामुळे मेलला उत्तर नाही आलं तरी समोरासमोर विचारता येतं.

माझा ताप वेगळा आहे. एका कामात क्लायंटच्या सल्लागाराने आमच्या मिनिट्सवर "किरकोळ दुरुस्त्या" म्हणून मोठा मेल पाठवला, त्यात निम्म्या खरंच दुरुस्त्या होत्या, कुणाचं पद चुकलेलं वगैरे, आणि मध्येच पेरलेलं होतं की "पार्किंगच्या छताचं वॉटरप्रूफिंगही कंत्राटदार करेल असं ठरलं". असं काही ठरलं नव्हतं. आमच्या पोराने सगळ्या दुरुस्त्या भक्तिभावाने घातल्या आणि नवीन प्रत त्याच नावाने पाठवून दिली, ना आवृत्ती क्रमांक, ना काय बदललं त्याची नोंद. पुढे सहा महिने तो छताचा वाद चालला. दुरुस्त्या मागवायच्या ठीक आहे हो, पण आलेल्या दुरुस्त्या चाळून कोण घेणार ते आधी ठरवा.

टाकसाळ
खटपट्या, अगदी. आलेल्या प्रत्येक दुरुस्तीला एकच प्रश्न विचारायचा: हे मीटिंगमध्ये झालेल्या बोलण्याबद्दल आहे का त्यानंतर सुचलेलं आहे? पहिलं असेल आणि आपल्या माणसांनाही तसंच आठवत असेल तर दुरुस्त करायचं. आठवणीत फरक असेल तर दोन्ही लिहायचं, "क्लायंटच्या मते असं, आमच्या मते असं, निर्णय बाकी". नंतर सुचलेलं असेल तर ते मिनिट्समध्ये जातच नाही, ती नवी मागणी, ती तिच्या रस्त्याने जाईल. आणि सुधारित प्रतीच्या डोक्यावर "आवृत्ती 2, बदललेले मुद्दे: 3.1, 5.4" एवढं लिहिलं की पुरे.

रातकिडा
बरं मग 16 नंतर आलेल्या दुरुस्तीचं काय? ती घ्यायची नसेल तरच तारखेला अर्थ आहे. घेणार असाल तर तारीख टाकता कशाला?

टाकसाळ
चूक खरी असेल तर ती 16 ला कळो नाहीतर महिन्याने, दुरुस्त करावीच लागते, चुकीची नोंद जपून कुणाचं भलं होतं? तारखेचा उपयोग असा की 17 पासून आपण या प्रतीवर काम सुरू केलंय हे त्यांना आधी सांगितलेलं आहे. उशिरा आलेल्या दुरुस्तीने झालेलं काम बदलावं लागलं तर त्या खर्चाची चर्चा होऊ शकते, तारीखच नसेल तर ती चर्चा सुरूसुद्धा करता येत नाही.

रातकिडा
हे पटलं अर्धं. आमच्याकडे उशिरा आलेलं घ्यायला लागलो तर कोणी वेळेवर पाठवणारच नाही.

खटपट्या
रातकिडा +१. उशिरा आलेलं आम्ही पुढच्या मीटिंगच्या मिनिट्समध्ये घेतो, जुन्याला हात लावत नाही.

ओसरी
सगळ्यांचं वाचून नवा मेल केलाय. अकाउंट्सच्या मॅडमशी आत्ताच बोलले, फाइल तिच्याकडेच आहे पण 18 नाही जमणार, 19 म्हणाली. ते मीटिंगमध्ये ठरलं नव्हतं म्हणून टिपेत टाकलंय. आणि सेल्सवाल्याने कुणाला काही शब्द दिलेला नाही म्हणे, बघू.

सब्जेक्ट: गोदाम स्टॉक सिस्टिम – किकऑफ मिनिट्स (10 तारीख) – दुरुस्त्या सोमवार 16 तारीख, संध्याकाळी 5 पर्यंत

"नमस्कार,
काल वेळ दिल्याबद्दल आभार. मिनिट्स सोबत आहेत, आवृत्ती 1. या तीन मुद्द्यांवर तुमचं लक्ष हवं आहे:
3.1 आणि 3.2: किती जुना डेटा आणायचा यावर निर्णय झालेला नाही. करारात मागील 2 आर्थिक वर्षं आहेत, टीप पाहावी.
4.2: सॅम्पल फाइल 18 तारखेपर्यंत देण्याचं ठरलं होतं. मीटिंगनंतर अकाउंट्स विभागाशी बोलणं झालं, फाइल गुरुवार 19 तारखेला त्यांच्याकडून मिळेल.
6.1: तुमच्या बाजूने अंतिम मंजुरी कोण देणार ते नाव बाकी आहे, कृपया कळवावे.
नोंदीत काही चुकलं किंवा राहिलं असेल तर मुद्द्याचा क्रमांक लिहून याच मेलला सोमवार 16 तारीख, संध्याकाळी 5 पर्यंत उत्तर द्यावे. आलेल्या दुरुस्त्या घालून मंगळवारी 17 ला अंतिम प्रत पाठवू. दुरुस्ती नसल्यास हीच प्रत नोंद म्हणून ठेवून पुढचं काम सुरू करू."

भटकभवानी
हा मी वाचीन. एकच, 6.1 ला उत्तर हवंय आणि बाकीच्यांना नुसती दुरुस्ती, ते एकत्र झालंय. उत्तर हवं असलेलं सगळ्यात वर घ्या, नाहीतर हेड "ठीक आहे" लिहून मोकळे होतील आणि नाव राहूनच जाईल.

गुळवेल
आता कळलं मिनिट्स का लागतात ते, मी आपली टीममधल्या मिनिट्सबद्दल बोलत होते. पण एक विचारू? एवढा मोठा सब्जेक्ट मोबाइलवर कापला जातो ना, तारीख दिसणारच नाही.

ओसरी
अरे हो की. तारीख पुढे घेते: "16 तारखेपर्यंत दुरुस्त्या: किकऑफ मिनिट्स". 6.1 पण वर घेतलं. पाठवते आता.

ओसरी
अपडेट. शुक्रवारी मॅडमचं उत्तर आलं, 4.2 बरोबर आहे म्हणून. आज सोमवारी 4 वाजता हेडचं आलं, जसंच्या तसं: "मिनिट्स ठीक. 3 मध्ये सगळा डेटा असं करा. मंजुरी मीच देईन." आता हे "3 मध्ये सगळा डेटा असं करा" दुरुस्ती धरू का मागणी? ते तसं बोलले होते हे तर खरंच आहे ना. बॉस म्हणतोय दुर्लक्ष कर, "मिनिट्स ठीक" लिहिलंय ना त्यांनी.

टाकसाळ
दुर्लक्ष अजिबात नको, "ठीक" आणि "असं करा" एकाच मेलमध्ये आहे, त्यातलं सोयीचं तेवढं उचलता येत नाही. ते बोलले होते ते 3.1 मध्ये आहेच, म्हणजे दुरुस्तीसारखं काही नाही. त्यांना करारातली 2 वर्षं बदलून हवीत, आणि तो बदल मिनिट्समध्ये घेता येत नाही. उद्या आवृत्ती 2 पाठवताना 6.1 मध्ये त्यांचं नाव घाला, 3.1 आणि 3.2 आहेत तसेच ठेवा आणि मेलमध्ये लिहा: "सगळा डेटा हवा ही तुमची सूचना 3.1 मध्ये नोंदवलेली आहे आणि कालच्या मेलनंतर ती आम्ही बदलाची विनंती म्हणून घेतली आहे. 19 ला फाइल मिळाल्यावर लागणारा वेळ आणि खर्च शुक्रवार 27 तारखेपर्यंत कळवू, तोपर्यंत 2 वर्षांच्या डेटावर काम सुरू राहील." 27 जमेल का ते टेक लीडला आधी विचारा, नाहीतर आपलीच तारीख चुकायची.

भटकभवानी
आणि मेल पाठवायच्या आधी हेडना फोन करा. "बदलाची विनंती" आणि "खर्च" हे शब्द मेलमध्ये पहिल्यांदा वाचले तर माणूस चिडतो.

रातकिडा
फोन केला तर ते फोनवरच "अहो करून टाका ना" म्हणतील आणि ओसरी अडकतील. आधी मेल, मग फोन.

ओसरी
बॉस पण आधी मेलच म्हणतोय. टेक लीडने 27 ला हो म्हटलंय पण फाइल 19 लाच मिळाली तर. मी उद्या सकाळी फोन करून लगेच पाचेक मिनिटांत मेल टाकणार आहे, काय होतं ते इथे लिहिते.